स्पॉयलर न देता केलेल्या परीक्षणात रहस्य फुटले कुठून? (व्हिडिओची संहिता, पडद्यावरची अवतरणे आणि वाचनाची दृश्ये)

माहुलीची_वाट (सातारा)

नमस्कार. मी साताऱ्यात राहते आणि गेल्या दीड वर्षापासून मराठी कादंबऱ्यांची सात-आठ मिनिटांची व्हिडिओ परीक्षणे करते. रहस्य उघड करायचे नाही, पुस्तकातली तीन-चार अवतरणे पडद्यावर दाखवायची आणि निवेदनाच्या पाठीमागे वाचनाची दृश्ये ठेवायची, अशी पद्धत मी ठरवून घेतली आहे. मागच्या महिन्यात टाकलेल्या एका परीक्षणात मात्र काहीतरी चुकले आणि नेमके काय चुकले हे मला अजून पुरते उमगलेले नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

कादंबरीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण चर्चेसाठी तिचा शेवट सांगावा लागणार आहे. कृष्णाकाठच्या एका गावात शाळेच्या मास्तरांना निनावी पत्रे येऊ लागतात. पहिली दोनशे पाने वाचकाचा संशय तीन पुरुषांभोवती फिरतो आणि शेवटी कळते की मास्तरांच्या शेजारी राहणारी एक वृद्ध स्त्री ती पत्रे लिहीत होती. कथा सांगणाऱ्या मुलाचे आजोबा पुराच्या रात्री वारतात, हा दुसरा धक्का. पुस्तक २९६ पानांचे आहे आणि या दोन्ही गोष्टी २४० व्या पानाच्या पुढे येतात.

माझ्या संहितेत या दोहोंचा उल्लेख नाही. तरीही वाचनालयात भेटलेल्या एका बाईंनी मला सहज विचारले, "पत्रे एक बाईच लिहिते ना? आणि आजोबा जातात ना त्यात?" त्यांनी पुस्तक वाचलेले नव्हते, फक्त माझा व्हिडिओ पाहिला होता. मला फार वाईट वाटले, कारण लेखिकेने दोनशे पाने जे जपले ते माझ्या सात मिनिटांत सांडले. मला शंका आहे ते तीन भाग खाली देते.

अ) दुसऱ्या मिनिटाला पडद्यावर एका पत्रातले वाक्य आहे. मूळ शब्द इथे बदलले आहेत, क्रियापदांची रूपे मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत: "मी रोज त्याच पारावरून जाते, सगळे मला पाहतात, आणि तरीही या पत्रांचा आणि माझा काही संबंध असेल असे या गावात एकाच्याही मनात कधी येत नाही." हे पडद्यावर पाच सेकंद राहते आणि त्या वेळी माझा आवाज गावाचे वर्णन करत असतो.

ब) तिसऱ्या मिनिटाचे निवेदन असे आहे: "या घरातले आजोबा अतिशय हट्टी होते. मळ्यातल्या विहिरीकडे ते कोणाला फिरकू देत नसत. त्यांचा नातू मात्र सगळ्या गावात हिंडतो आणि दिसेल ते वहीत टिपून ठेवतो."

क) हे निवेदन चालू असताना संगम माहुलीच्या घाटावर मी वाचत बसले आहे असे बारा सेकंदांचे दृश्य आहे. कॅमेरा खांद्यामागून पुस्तकावर आहे आणि शेवटी मी पदराने डोळे टिपते. ते दृश्य खरे आहे. पुस्तक संपवतानाच भावाने ते टिपले होते.

---

कराडकर_वाचक

ताई, मीही असे व्हिडिओ करतो आणि माझा नियम सोपा आहे. अवतरणे पुस्तकाच्या पहिल्या पन्नास पानांतूनच घ्यायची. वाचकाला जे दुकानात उभ्याउभ्या चाळताना दिसू शकते तेवढेच आपण दाखवायचे, म्हणजे तक्रारीला जागाच राहत नाही. तुमचे 'अ' मधले वाक्य नक्कीच पुढच्या पानांतले असणार. तेवढे बदलले की प्रश्न सुटला.

---

अनुस्वार (सांगली)

कराडकरांचा नियम बऱ्याच वेळा उपयोगी पडतो, पण त्यावर पूर्ण विसंबता येत नाही, आणि या उदाहरणात तर गळती तीन निरनिराळ्या ठिकाणी आहे. मी अनेक वर्षे माहितीपटांची मराठी उपशीर्षके करतो, त्यामुळे पडद्यावरचे वाक्य लोक कसे वाचतात याकडे माझे सतत लक्ष असते.

'अ' मधली गळती एकाच शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे 'जाते'. मराठीत प्रथमपुरुषी वर्तमानकाळात बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. पुरुष 'जातो' म्हणतो, साताऱ्या-सांगलीकडची स्त्री 'जाते' म्हणते. निनावी पत्राचे अख्खे रहस्य जर लिहिणाऱ्याच्या ओळखीत असेल, तर हा एक शब्द निम्म्या गावाला संशयातून मोकळा करतो. माहुलीची वाट यांच्या नजरेतून तो सुटला यात मला नवल वाटत नाही. स्त्रीने स्वतःच्या आवाजात वाचले की 'जाते' हे रूप तिला आपलेच वाटते, कानाला कुठे अडत नाही. म्हणून निनावी मजकूर पडद्यावर ठेवण्याआधी तो दुसऱ्या लिंगाच्या माणसाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावा. तुमच्या भावाने तेच वाक्य वाचले असते, तर तो 'जाते' वर थबकला असता.

आता एक काम करा. कादंबरीतली सगळी पत्रे काढून फक्त क्रियापदे पाहा. लेखिका जर जाणती असेल, तर आधीच्या पत्रांत तिने लिंग न दाखवणारीच रूपे वापरलेली दिसतील. 'मी पाहिले', 'मी लिहिले', 'मी ठेवले' यांत क्रियापद कर्माप्रमाणे चालते, त्यामुळे बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. 'मी येईन', 'मी सांगेन' या भविष्यकाळातही कळत नाही. 'मला वाटते', 'मला माहीत आहे' ही रूपे तर अगदी निर्धोक. उलट 'मी गेलो, गेले', 'मी बसतो, बसते' इथे लगेच उघडे पडते. एक बारीक फसगत सांगून ठेवतो. 'मी पाहिले' चालते म्हणून 'बोलणे' आणि 'विसरणे' हीसुद्धा तशीच चालतील असे वाटते, पण ती कर्त्याप्रमाणे बदलतात. 'मी विसरलो' आणि 'मी विसरले' यांत फरक दिसतोच.

कराडकरांचा नियम इथेच अपुरा पडतो. पहिल्या पन्नास पानांतले वाक्यही, एकटे काढून मोठ्या अक्षरांत पडद्यावर ठेवले की, पुस्तकात त्याला जेवढे वजन असते त्याच्या कितीतरी पट जास्त वजन घेते. तीनशे पानांच्या ओघात वाचक ज्या वाक्यावरून पुढे जातो, तेच वाक्य प्रेक्षक संकेत म्हणून लक्षात ठेवतो, कारण तुम्ही ते निवडलेले असते. शिवाय प्रौढपणी मागे वळून कथा सांगणारा निवेदक पहिल्याच प्रकरणात 'त्या पुरानंतर आमचे घर पूर्वीसारखे राहिले नाही' असे काही लिहून जातो, आणि ते पान दुसरे असले तरी स्पॉयलरच असते.

'ब' आणि 'क' बद्दल उद्या सविस्तर लिहितो. घरी पाहुणे आले आहेत.

---

पुस्तकांची_पेटी (मिरज)

मला वाटते मूळ प्रश्न अवतरणांच्या परवानगीचा आहे, म्हणून माझा अनुभव सांगतो. मागे मी एका कथासंग्रहातली संपूर्ण कथा वाचून दाखवली होती, पडद्यावर पानांचे फोटोही ठेवले होते, आणि प्रकाशकाकडून व्हिडिओ काढण्याची सूचना आली. नंतर एका परिचितांनी सांगितले की पुस्तकाच्या दहा टक्क्यांपर्यंत मजकूर घेतला तर कायद्याने चालते. तेव्हा ताईंनी दहा टक्क्यांच्या आत राहावे.

---

जुने_दप्तर

प्रश्न परवानगीचा नाही, पण दहा टक्क्यांची समजूत इथे तशीच राहू नये म्हणून थोडक्यात लिहिते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षा किंवा परीक्षणासाठी केलेल्या उचित वापराला मोकळीक आहे, परंतु त्यात टक्के, शब्द किंवा सेकंद यांचा कोणताही आकडा दिलेला नाही. तुम्ही मजकुरावर काही म्हणत आहात का, आणि तुमचा व्हिडिओ पाहून पुस्तक वाचण्याची गरजच उरत नाही असे होते का, हे पाहिले जाते. संपूर्ण कथा वाचून दाखवली तर परीक्षणाचा आधार उरत नाही, मग ती कथा संग्रहाच्या पाच टक्के का असेना. लेखकाच्या निधनाला साठ वर्षे उलटून गेलेली असली तर हा प्रश्न येत नाही, पण ताईंची कादंबरी त्यातली दिसत नाही. तीन-चार वाक्ये, प्रत्येकावर स्वतःचे भाष्य आणि पडद्यावर लेखिकेचे व पुस्तकाचे नाव, एवढे असेल तर त्यांनी काळजी करू नये.

---

माहुलीची_वाट

अनुस्वार सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल रात्री सगळी पत्रे काढून बसले. एकूण अकरा पत्रे आहेत. पहिल्या नऊ पत्रांत लिंग दाखवणारे एकही प्रथमपुरुषी रूप नाही. 'मी पाहिले', 'मी ऐकले', 'मी पुन्हा लिहीन', 'मला ठाऊक आहे', सगळीकडे हेच. दोनदा वाचूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते. 'जाते' हे रूप दहाव्या पत्रात प्रथमच येते आणि लेखिकेने तिथे ते ठरवून उघड केले आहे, कारण त्याच्या पुढच्याच पानावर मास्तर ते पत्र पुन्हा उघडून त्या एका शब्दावर बोट ठेवतात. म्हणजे मी जे वाक्य सुंदर म्हणून उचलले, ते रहस्याचे कुलूप उघडणारे वाक्य होते.

वाचनालयातल्या बाईंना मी फोन करून विचारले. त्यांनी सांगितले की अवतरण इतक्या लवकर गेले की त्यांनी व्हिडिओ मागे नेऊन थांबवला आणि सावकाश वाचला, तेव्हा 'जाते' दिसले.

---

अनुस्वार

ही माहिती महत्त्वाची आहे, कारण वेळेची चूक आणि शब्दाची चूक इथे एकमेकींना मिळाल्या. ते वाक्य पंचवीस शब्दांचे आहे. मी घड्याळ लावून ते सावकाश मोठ्याने वाचले, तर मला साडेअकरा सेकंद लागले, आणि तुम्ही दिलेत पाच. ज्याला वाचायचेच असते तो अशा वेळी व्हिडिओ थांबवतो, आणि थांबवलेल्या चित्रावर प्रत्येक मात्रा तपासली जाते. माझी पद्धत अशी की वाक्य मोठ्याने, घाई न करता वाचायचे, लागलेल्या वेळात दोन सेकंद मिळवायचे, आणि तेवढा वेळ ते पडद्यावर ठेवायचे. पहिला सेकंद नजर दृश्यावरून अक्षरांकडे वळायला लागतो, दुसरा शेवटच्या शब्दानंतर थोडे थांबायला. मनातल्या मनात वाचन जलद होते, म्हणून सावकाश वाचणाऱ्यालाही एवढा वेळ पुरतो. वाक्याला बारा-तेरा सेकंद लागत असतील, तर ते व्हिडिओसाठी लांब आहे असे समजून बारा ते पंधरा शब्दांचे दुसरे निवडावे. मधले शब्द गाळून वाक्य आखूड करायचे असेल, तर गाळल्याच्या जागी टिंबे दिलीच पाहिजेत.

त्या वेळेत आवाज एक तर तेच वाक्य वाचेल किंवा गप्प राहील. डोळे एक वाक्य वाचत असताना कानांवर दुसरे वाक्य आले की दोन्ही हरवतात. तुमचे गावाचे वर्णन ऐकूच गेले नसणार.

ओळ कुठे तोडायची तेही सांगतो, कारण अनेक व्हिडिओंत 'येत' एका ओळीत आणि 'नाही' पुढच्या ओळीत गेलेले दिसते. वाचणारा आधी होकार वाचतो आणि मग नकार, आणि त्या वाक्याचा सूर बिघडतो. क्रियापद आणि त्याचा नकार एकाच ओळीत ठेवा, स्वल्पविरामाशी ओळ तोडा.

आता 'ब'. आजोबा 'होते', ते 'फिरकू देत नसत', आणि नातू मात्र 'हिंडतो', 'टिपून ठेवतो'. दोन वाक्यांच्या अंतरात आजोबा भूतकाळात आणि नातू वर्तमानकाळात. मराठी माणूस कोणाबद्दल 'ते फार हट्टी होते' असे ऐकले की मनात लगेच नमस्कार करतो. सगळी पात्रे एका काळात ठेवा. 'आजोबा अतिशय हट्टी आहेत, विहिरीकडे ते कोणाला फिरकू देत नाहीत' असे लिहिले की गळती बंद होते.

---

कराडकर_वाचक

पन्नास पानांच्या नियमाबद्दल तुमचे म्हणणे पटले, पण वर्तमानकाळाचे पटत नाही. आपल्याकडे गोष्ट सांगायची ती 'एक राजा होता' अशीच. 'आजोबा हट्टी आहेत' हे शेजाऱ्यांची ओळख करून दिल्यासारखे वाटते, कादंबरीबद्दल बोलल्यासारखे वाटत नाही. माझी आई असे परीक्षण ऐकून दोन मिनिटांत बंद करील.

---

अनुस्वार

तुमच्या आईंचा कान बरोबर आहे. भूतकाळ स्वतः काही फोडत नाही. सगळी पात्रे भूतकाळात असतील, नातूही 'हिंडत असे' आणि मास्तरही 'शिकवत असत', तर कोणाला काही कळणार नाही. फुटते ते एकालाच वेगळा काळ दिल्यामुळे. मला वर्तमानकाळ बरा वाटतो याचे कारण एवढेच की सात मिनिटांच्या बोलण्यात भूतकाळ सर्वत्र सांभाळणे अवघड जाते, कुठेतरी एक 'आहे' निसटतोच, आणि तो नेमका जिवंत राहणाऱ्या पात्रापाशी निसटतो.

---

माहुलीची_वाट

माझ्याकडून अगदी हेच झाले आहे. नातू शेवटपर्यंत आहे हे मला ठाऊक होते आणि आजोबा नाहीत हेही ठाऊक होते, म्हणून लिहिताना काळ आपोआप तसे पडले. मी ते ठरवून लिहिलेले नव्हते.

---

वाईची_शाळा

मी वाई तालुक्यात शिक्षिका आहे आणि आमच्या सातवी-आठवीच्या मुलांकडून दर वर्षी पुस्तक परिचयाचे छोटे व्हिडिओ करून घेते, म्हणून 'क' बद्दल लिहिते.

मुलांना घेऊन आम्ही भिलारला गेलो होतो. पाचगणीजवळचे हे पुस्तकांचे गाव मे २०१७ मध्ये सुरू झाले, तिथे घराघरांत पुस्तके ठेवलेली आहेत आणि ओसरीवर बसून वाचतानाची दृश्ये फार सुंदर मिळतात. एका मुलीने एका चातुर्यकथेच्या पुस्तकाचे दृश्य घेतले आणि घरी आल्यावर दुसऱ्या मुलाने ते पाहून विचारले, "शेवटी चोर सापडतो म्हणजे तो मुनीमच ना?" कॅमेरा अनुक्रमणिकेवरून सावकाश फिरला होता आणि शेवटच्या प्रकरणाचे नावच तसे होते. तेव्हापासून आम्ही अनुक्रमणिका, प्रकरणाची नावे आणि पानाच्या माथ्यावर छापलेली ओळ यांपैकी काहीही चित्रात येऊ देत नाही.

ताईंच्या दृश्यात मला वेगळीच गोष्ट दिसते. त्या पुस्तक संपवताना ते चित्रित झाले, म्हणजे डाव्या हाताखाली जाड थर असणार आणि उजवीकडे चार-पाच पानांचा पातळ पदर. शेवट जवळ आला आहे हे त्या थरावरून कोणालाही कळते. मग डोळे टिपले जातात, आणि आवाज त्याच क्षणी आजोबांबद्दल बोलतो आहे. शेवटाजवळ, रडू, आजोबा. तिन्ही एकत्र ठेवल्यावर सांगायचे काय उरले?

---

माहुलीची_वाट

बाई, तुमचे वाचून मी व्हिडिओ पुन्हा लावला. डावीकडचा थर अगदी स्पष्ट दिसतो आहे. पण ते रडू खरे होते, आणि ते काढून टाकायला मन धजत नाही. पुस्तकाने मला जे दिले ते त्या एका दृश्यात आहे.

---

वाईची_शाळा

काढू नका, जागा बदला. पुस्तकाबद्दलचे तुमचे एकूण मत जिथे येते, कोणत्याही पात्राचे नाव नसलेल्या भागात, तिथे ते दृश्य ठेवा आणि चित्राची चौकट अशी कापा की चेहरा राहील आणि पुस्तक खालून बाहेर जाईल. बाकीची वाचनाची दृश्ये नव्याने घ्या आणि त्या वेळी पुस्तक पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात उघडा. तुमच्या पुस्तकात ९० ते १०० पानांच्या दरम्यान. अगदी सुरुवातीला उघडले तर पुस्तक वाचलेच नाही असे दिसते.

अक्षरे वाचता येऊ नयेत म्हणून आम्ही पुस्तकाच्या कडेवर किंवा बोटांवर फोकस ठेवतो आणि पान तिरके धरतो. व्हिडिओ थांबवून पाहणारे लोक असतातच, हे वर आलेच आहे. पेन्सिलीच्या खुणा आणि चिकटवलेले रंगीत कागदही काढून ठेवते, कारण खुणा कुठे दाट आहेत यावरून महत्त्वाची पाने कळतात.

घाटावर चित्रीकरण करणार असाल तर सकाळी आठच्या आत उरका. नंतर पांढऱ्या पानावर ऊन इतके पडते की हात काळा आणि पान कोरे दिसते. खोलीत ट्यूबलाइटखाली घेणार असाल, तर फोनच्या कॅमेऱ्यात शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि १/६० वर ठेवले की पानावरून काळपट पट्टे सरकताना दिसतात. आमच्या पहिल्या वर्षीच्या सगळ्या व्हिडिओंत ते पट्टे आहेत.

---

माहुलीची_वाट

सगळ्यांचे म्हणणे लक्षात घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या मिनिटाचा भाग पुन्हा लिहिला आहे. कृपया तपासावा. अवतरणाचे शब्द याही वेळी बदललेले आहेत, रूपे मात्र मूळचीच.

दृश्य: रिकामा पार, सकाळ, मागे पिंपळाची पाने हलताना. सात सेकंद.
आवाज: "मास्तरांना पहिले पत्र येते ते श्रावणातल्या सोमवारी. पाकिटावर तिकीट नाही, खाली सही नाही."

दृश्य: तेच, थोडे धूसर. वरच्या दोन तृतीयांश भागात अवतरण, खालचा भाग कॅप्शनसाठी मोकळा. आठ सेकंद.
पडदा: "तुमच्या शाळेत काय चालते ते मी पाहिले आहे,
आणि मी पुन्हा लिहीन."
आवाज: हेच वाक्य, एकदा.

दृश्य: पुस्तक ९४ व्या पानावर उघडलेले, फोकस बोटांवर. नऊ सेकंद.
आवाज: "पत्र लिहिणारी व्यक्ती गावातलीच आहे, एवढे मास्तरांना लगेच कळते. ती त्यांना रोज पाहते, आणि तिला शाळेतले सगळे ठाऊक आहे."

दृश्य: मळ्यातली विहीर, माणूस नाही. नऊ सेकंद.
आवाज: "कथा सांगणारा मुलगा आजोबांजवळ राहतो. आजोबा हट्टी आहेत, विहिरीकडे कोणाला फिरकू देत नाहीत, आणि मुलगा दिसेल ते वहीत टिपून ठेवतो."

अवतरण बारा शब्दांचे आहे, वाचायला सहा सेकंद लागतात, म्हणून आठ ठेवले.

---

अनुस्वार

अवतरण उत्तम निवडले आहे. 'मी पाहिले आहे' आणि 'मी लिहीन', दोन्ही झाकलेली रूपे, आणि वाक्यात धमकी आहे की काळजी हेही कळत नाही. अक्षरे टंकलेखनासारखी एकेक करून उमटवू नका. मराठीत तसे केल्यास 'पत्र' मधला 'त्र' आधी 'त' दिसतो आणि मग बदलतो, वेलांट्या उड्या मारतात. अख्खी ओळ एकदम येऊ द्या. तुमचे संपादनाचे सॉफ्टवेअर जोडाक्षरे तोडत असेल, तर अवतरणाचे पारदर्शक चित्र वेगळे तयार करून वर ठेवा, आणि 'साताऱ्याच्या' हा शब्द एकदा टाइप करून पाहा. त्यातला 'ऱ्या' नीट दिसला तर तो फॉन्ट बहुतेक ठिकाणी साथ देईल.

तिसऱ्या तुकड्यातला 'ती' मात्र खटकतो. 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, व्याकरणाने 'ती' बरोबरच आहे, पण ऐकणाऱ्याला दुसऱ्या वाक्यापर्यंत 'व्यक्ती' आठवत नाही, फक्त 'ती' ऐकू येते.

---

कराडकर_वाचक

मग 'पत्र लिहिणारा गावातलाच आहे' म्हणावे. आपण 'कोण आला?' असेच विचारतो, त्यात पुरुषच आला असे कोणी धरत नाही. शिवाय मास्तरांचा संशय पुरुषांवरच आहे, तेव्हा पुस्तकाला ते धरूनच होईल.

---

जुने_दप्तर

मला हे मान्य नाही. मास्तर 'लिहिणारा' म्हणतात ती मास्तरांची चूक आहे आणि लेखिकेने ती त्यांच्याकडून करवून घेतली आहे. परीक्षण करणारीने स्वतःच्या आवाजात 'लिहिणारा' म्हटले, तर शेवट ठाऊक असून खोटे सांगितल्यासारखे होते. पुस्तक वाचून झाल्यावर प्रेक्षक परत येऊन म्हणेल की तुम्ही मला चकवले, आणि ते बरोबर असेल. रहस्य लपवणे आणि चुकीची दिशा दाखवणे यांत अंतर आहे.

---

कराडकर_वाचक

'मास्तरांना वाटते की लिहिणारा गावातलाच आहे' असे म्हटले तर? मग चूक मास्तरांची राहते.

---

अनुस्वार

ते चालण्यासारखे आहे. मी मात्र माणसाचा उल्लेखच टाळीन आणि पत्रांनाच कर्ता करीन. 'पत्रे गावातूनच येतात, एवढे मास्तरांना लगेच कळते. शाळेतली प्रत्येक गोष्ट त्यांत असते.' इथे सर्वनामाची गरजच पडत नाही.

---

जुने_दप्तर

पत्रांना कर्ता करणे मला जास्त पटते. कराडकरांच्या वाक्यात 'मास्तरांना वाटते' या शब्दांवर जोर पडला, तर मास्तरांचा अंदाज चुकणार हे चतुर प्रेक्षक ओळखेल.

---

माहुलीची_वाट

पत्रांना कर्ता करून लिहिले आणि भावाकडून मोठ्याने वाचून घेतले. तो कुठेही अडला नाही. रविवारी सकाळी सात वाजता घाटावर जाऊन नवीन दृश्ये घेणार आहोत. विहिरीचे दृश्य मामांच्या मळ्यात लिंबला घेईन.

एक शंका अजून राहिली आहे. जुन्या व्हिडिओच्या शीर्षकात मी 'शेवट वाचून सुन्न व्हाल' असे लिहिले होते. आता वाटते की तेही काढावे, कारण ते वाचल्यावर प्रेक्षक प्रत्येक पानावर शेवटाची वाट पाहत बसेल.

---

वाईची_शाळा

मी काढले असते. आमच्या मुलांना मी 'शेवट' हा शब्दच वापरू देत नाही.

---

कराडकर_वाचक

मी ठेवला असता. काही धक्का आहे एवढेही सांगायचे नाही, तर रहस्यकथेची शिफारस करायची कशी? पुस्तकाच्या मलपृष्ठावर प्रकाशक स्वतः तेच छापतात.

---

माहुलीची_वाट

माझ्या प्रतीचे मलपृष्ठ आत्ता पाहिले. त्यावर पत्रांचा उल्लेख आहे, शेवटाचा नाही. शीर्षक तूर्त बदलते आणि रविवारच्या चित्रीकरणानंतर नवीन व्हिडिओ इथेच कळवते.